पाच जोड, सहा गिऱ्हाइकं

कोल्हापुरातलं चपलांचं एखादं जुनं दुकान डोळ्यांसमोर आणावं. गल्ल्यावर मालक बसलेले, बिलिंगच्या संगणकावर टॅली, आणि आतल्या खोलीत मालकांचा पुतण्या, ज्याने दोन वर्षांपूर्वी वूकॉमर्सवर दुकानाची वेबसाइट उभी केली. रविवारी दुपारी दुकानात गर्दी आहे. ‘कापशी, तपकिरी, ८ नंबर’ असा जोड गिऱ्हाइकाच्या पायात बसतो, पैसे दिले जातात, गिऱ्हाईक निघून जातं. संध्याकाळी पुतण्या ऑनलाइन ऑर्डरींची पाकिटं भरायला घेतो आणि त्याच नंबरचा जोड शोधू लागतो.

‘काका, आठ नंबरची कापशी कुठं ठेवलीय?’

‘ती तर दुपारीच गेली की!’

नाशिकच्या गिऱ्हाइकाने मात्र सकाळीच पैसे भरलेले असतात. आता फोन करून माफी मागायची, पैसे परत करायचे आणि पेमेंट गेटवेचं शुल्क पदरचं सोसायचं, कारण ऑर्डर रद्द झाली तरी बहुतेक गेटवे ते शुल्क परत देत नाहीत. हेच दुकान अॅमेझॉनवरही विकत असेल तर गोष्ट माफीवर भागत नाही. पाठवणीआधी विक्रेत्याकडून रद्द झालेल्या ऑर्डरींचं प्रमाण तिथे २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. त्यावर गेल्यास विक्रेत्याचं खातं अडचणीत येऊ शकतं.

नसलेला माल विकला जाण्याच्या या प्रकाराला धंद्यात ‘ओव्हरसेल’ म्हणतात. यावर बाजारात मिळणारा तयार उपाय म्हणजे ‘सिंक’: बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि वेबसाइट यांच्यामध्ये बसून साठ्याचे आकडे इकडून तिकडे नेणारा छोटा प्रोग्राम. त्याला कनेक्टर म्हणतात. मात्र कनेक्टर बसवल्यावरही ओव्हरसेल होत राहतो, आणि काही दुकानांत तर तो वाढतो. वर कल्पिलेल्या दुकानाच्या एका दिवसाचा हिशोब मांडला की याचं कारण कळतं. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण दोष नेहमीचाच आहे.

पहिली अडचण कनेक्टर बसवायच्या आधीचीच असते. दुकानाच्या टॅलीमध्ये वर्षानुवर्षं ‘कापशी जोड’ एवढा एकच आयटम असतो. साठा ६०, दर ठरलेला, विषय संपला. गल्ल्यावरच्या माणसाला तेवढं पुरतं, कारण कुठला नंबर शिल्लक आहे ते तो फळीकडे बघून सांगतो. वेबसाइटला फळी दिसत नाही. तिला प्रत्येक रंगाचा, प्रत्येक मापाचा वेगळा आकडा लागतो. ‘कापशी ६०’ या नोंदीतून ८ नंबरचे तपकिरी जोड किती, हे कुठलाही कनेक्टर काढू शकत नाही.

म्हणून सुरुवात आयटम फोडण्यापासून करावी लागते. बारा प्रकार, तीन रंग आणि ६ ते १० अशी पाच मापं धरली तर १८० आयटम होतात. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा, उदाहरणार्थ `KAP-TAN-8`, आणि तोच क्रमांक वेबसाइटवर त्या मापाच्या एसकेयूच्या रकान्यात अक्षरन् अक्षर तसाच भरायचा. एका बाजूला `KAP-TAN-8` आणि दुसऱ्या बाजूला `KAP-TAN-08` असलं तर कनेक्टरच्या लेखी ते दोन वेगळे जोड ठरतात. मग ‘न जुळलेले आयटम’ अशा यादीत तो जोड पडून राहतो आणि वेबसाइटवरचा त्याचा आकडा महिनोन्महिने हलत नाही. ही यादी रिकामी झाल्याशिवाय सिंक सुरू करू नये.

आयटम फोडल्यावर गल्ल्यावरची सवयही बदलावी लागते. बिल करताना माप निवडायलाच हवं. गर्दीत घाईने समोर दिसेल तो नंबर टाकला तर एकूण साठा बरोबर राहतो, पण आतली वाटणी बिघडते. टॅलीत एखाद्या मापाचा साठा उणे दिसू लागला की हे घडल्याचं ओळखावं. टॅली साठा शून्याखाली जाऊ देते आणि सेटिंग चालू असेल तर फक्त इशारा देते. ९ नंबरचे उणे दोन आणि ८ नंबरचे दोन जास्त अशी जोडी दिसली, तर कुठे चूक झाली हे वेगळं शोधावं लागत नाही. चपलेच्या खोक्यावर बारकोडचं लेबल लावून स्कॅनरने बिल करणं हा यावरचा सरळ उपाय आहे.

आता मुख्य मुद्दा. सकाळी दुकान उघडलं तेव्हा `KAP-TAN-8` चे फळीवर पाच जोड आहेत. टॅलीत पाच, वेबसाइटवर पाच. कनेक्टर दर पंधरा मिनिटांनी टॅलीतला शिल्लक साठा वाचतो आणि तो आकडा वेबसाइटवर लिहितो. ऑनलाइन ऑर्डरींची बिलं पुतण्या संध्याकाळी पाकिटं भरताना टॅलीत करतो. बहुसंख्य दुकानांत असंच चालतं आणि वरवर पाहता यात काही वावगं दिसत नाही.

११ वाजून ५ मिनिटांनी नाशिकहून एका जोडाची ऑर्डर येते. वेबसाइट आपला आकडा चारवर आणते. टॅलीला याची खबर नाही, तिथे पाचच आहेत. ११ वाजून १० मिनिटांनी गल्ल्यावर एक कुटुंब त्याच नंबरचे दोन जोड घेतं. बिल होतं, टॅलीत तीन उरतात. सव्वाअकराला कनेक्टर जागा होतो, टॅलीतले तीन वाचतो आणि वेबसाइटवरच्या चारच्या जागी तीन लिहितो. तीन हा आकडा बघायला ठीक वाटतो. प्रत्यक्षात पाचातून नाशिकचा एक आणि गल्ल्यावरचे दोन गेले, म्हणजे विकण्याजोगे दोनच जोड उरले आहेत. नाशिकच्या ऑर्डरीने वेबसाइटवर कमी केलेला एक जोड कनेक्टरने पुसून टाकला.

दिवस पुढे सरकतो तसं हे बिघडत जातं. १२ वाजून २० मिनिटांनी आणखी एक ऑर्डर येते आणि वेबसाइटवर दोन उरतात. साडेबाराला कनेक्टर टॅलीतले तीन पुन्हा लिहितो. पावणेदोनच्या सुमाराला तिसरी ऑर्डर, पुन्हा दोन, पुन्हा तीन. तीन वाजता चौथी. संध्याकाळपर्यंत चार जोड ऑनलाइन आणि दोन गल्ल्यावर असे मिळून सहा जोड विकले गेलेले असतात, फळीवर सकाळी पाचच होते, आणि वेबसाइट अजूनही ‘तीन शिल्लक’ दाखवत असते. काही कनेक्टर फक्त बदललेले आयटम पाठवतात. तिथे हा खेळ दर पंधरा मिनिटांनी होत नाही, पण गल्ल्यावर त्या मापाचं पुढचं बिल झालं की होतोच.

इथे बरेच जण वेळ कमी करायला धावतात: पंधराऐवजी पाच मिनिटं, पाचाऐवजी एक. त्याने ही चूक जात नाही, उलट वेबसाइटचा बरोबर असलेला आकडा जास्त वेळा पुसला जातो. दोष वेगाचा नाही. टॅलीला ऑनलाइन ऑर्डर माहीत नसताना तिचा आकडा अंतिम मानला गेला, हा दोष आहे.

तो दुरुस्त करायला टॅलीतच जागा आहे. साठा कमी करणारं व्हाउचर म्हणजे विक्रीचं बिल. पण त्याआधीची एक पायरी असते: सेल्स ऑर्डर. सेल्स ऑर्डर नोंदवली की शिल्लक साठा हलत नाही, मात्र एवढा माल कुणाला तरी कबूल केलेला आहे याची नोंद राहते. घाऊक व्यापारी हे रोज वापरतात, किरकोळ दुकानदार सहसा तिकडे फिरकत नाही. ऑनलाइन विक्रीत हीच नोंद कामाला येते. वेबसाइटवर ऑर्डर पडली की कनेक्टरने लगेच टॅलीत सेल्स ऑर्डर तयार करायची. पाकीट रवाना होताना त्या ऑर्डरीवरूनच बिल करायचं. आणि वेबसाइटवर जो आकडा पाठवायचा तो नुसता शिल्लक साठा नव्हे, तर शिल्लक साठ्यातून कबूल केलेला माल वजा करून उरलेला.

तोच दिवस या पद्धतीने चालवून पाहू. सकाळी शिल्लक पाच, कबूल शून्य, मोकळे पाच. नाशिकची ऑर्डर येते: शिल्लक पाचच, कबूल एक, मोकळे चार. गल्ल्यावर दोन जातात: शिल्लक तीन, कबूल एक, मोकळे दोन. सव्वाअकराला वेबसाइटवर दोन लिहिले जातात आणि तो आकडा खरा असतो. संध्याकाळी नाशिकचं बिल होतं: शिल्लक दोन, कबूल शून्य, मोकळे दोन. बिल केल्याने वेबसाइटवरच्या आकड्याला धक्का लागत नाही, आणि तसंच व्हायला हवं, कारण तो जोड सकाळीच विकला गेला होता.

कामाचा क्रमही पक्का असावा लागतो. प्रत्येक फेरीत कनेक्टरने आधी वेबसाइटवरच्या नव्या ऑर्डरी टॅलीत आणायच्या, मग मोकळा साठा काढायचा आणि शेवटी तो वेबसाइटवर लिहायचा. क्रम उलटा झाला की जुनी चूक परत येते. एवढं करूनही ऑर्डरी वाचणं आणि आकडा लिहिणं यांच्या मधल्या काही सेकंदांत नवी ऑर्डर पडू शकते. ती फट बुजवायला शॉपिफायमध्ये एक सोय आहे: नवा आकडा लिहिताना आधीचा आकडा किती होता तेही सांगता येतं, आणि दरम्यान तो बदलला असेल तर नवा आकडा नाकारला जातो. मग कनेक्टरने पुन्हा वाचून पुन्हा प्रयत्न करायचा. वूकॉमर्सच्या `stock_quantity` मध्ये लिहिलेला आकडा मात्र आधीचं काही न विचारता जुन्यावर बसतो.

आता उरतो गल्ल्यावरचा वेळ. गिऱ्हाइकाने चप्पल पायात घातली, भाव झाला, पैसे निघाले, बिल फाटलं. यात दहा मिनिटं सहज जातात. तेवढ्या वेळात तो जोड टॅलीत शिल्लकच असतो आणि वेबसाइटवर विक्रीला असतो. दिवाळीच्या गर्दीत कच्च्या चिठ्ठ्या फाडून रात्री बिलं करायची पद्धत असेल, तर ही फट दिवसभराची होते. तिथे सिंक पाच सेकंदांनी चालवला तरी उपयोग नाही, कारण संगणकात काही आलेलंच नसतं. सिंक बसवायचा तर कच्ची चिठ्ठी बंद करावी लागते. याला पळवाट नाही.

त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी ‘बफर’ ठेवतात, म्हणजे मोकळ्या साठ्यातून एक-दोन नग आणखी वजा करून वेबसाइटवर दाखवायचे. किती, हे अंदाजाने ठरवू नये. गल्ल्यावरची विक्री आणि सिंकची पुढची फेरी यांत जास्तीत जास्त वीस-पंचवीस मिनिटं जात असतील, तर मागच्या महिन्याच्या बिलांत तेवढ्या वेळात एकाच मापाचे जास्तीत जास्त किती जोड गेले ते बघावं. बहुतेक मापांसाठी उत्तर एक येतं. खपाच्या ८ आणि ९ नंबरसाठी दोन येऊ शकतं. वरच्या उदाहरणात एकचा बफर धरला तर सव्वाअकराला वेबसाइटवर दोनऐवजी एक दिसेल.

वूकॉमर्समध्ये ‘साठा संपला’ दाखवण्याची मर्यादा ठरवता येते, म्हणून काही जण तीच बफर म्हणून वापरतात. मर्यादा एकवर ठेवली की साठा एकवर येताच वेबसाइट विक्री थांबवते. पण साठा तीन असताना एखाद्याने एकदम तीन जोड मागितले, तर ते त्याला मिळतात आणि बफरही विकला जातो. म्हणून वजाबाकी कनेक्टरमध्येच करावी.

बफरला किंमतही मोजावी लागते. प्रत्येक मापाचा शेवटचा जोड ऑनलाइन कधीच दिसत नाही. १८० मापांत साठा थोडाथोडाच असेल तर मालाचा मोठा भाग वेबसाइटवरून गायब होतो, आणि एकेक नगाच्या पैठणीसारख्या मालात तर काहीच दाखवता येत नाही. अशा मालासाठी वेगळी वाट आहे. टॅलीत ‘ऑनलाइन’ नावाचं दुसरं गोडाऊन उघडायचं, तेवढे नग त्यात वर्ग करायचे आणि खरोखरच उचलून आतल्या कपाटात ठेवायचे. त्या गोडाऊनला बफर लागत नाही, कारण गल्ल्यावरून तिथे हात पोचत नाही. ते नग दुकानातल्या गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, हा त्याचा तोटा. कुठला माल कुठे ठेवायचा, हे दुकानदारालाच ठरवावं लागतं.

वेबसाइटच्या बाजूची एक सेटिंगही पाहून घ्यावी. गिऱ्हाइकाने वस्तू कार्टमध्ये टाकली म्हणून वूकॉमर्स ती कुणासाठी अडवून ठेवत नाही. ऑर्डर केली पण पैसे यायचे बाकी आहेत, अशा वेळी मात्र ती ठरावीक मिनिटं राखून ठेवली जाते, आणि मूळ सेटिंगमध्ये हा अवधी ६० मिनिटांचा असतो. यूपीआयचं पेमेंट अडकलं की तो जोड तासभर कुणालाच मिळत नाही. तो रकाना रिकामा ठेवला तर राखून ठेवणंच बंद होतं आणि एकाच जोडावर दोघे पैसे भरू शकतात. पंधरा-वीस मिनिटं बहुतेक दुकानांना पुरतात.

एवढी व्यवस्था लावल्यावर ती मोडते कुठे? बहुतेकदा जोडणीतच. टॅली दुकानातल्या संगणकावर चालते. सेटिंगमध्ये परवानगी दिली की ती `9000` या पोर्टवर बाहेरच्या प्रोग्रामशी बोलते, पण टॅली चालू हवी आणि कंपनी उघडलेली हवी. रात्री दुकान बंद करताना संगणकही बंद होतो, वेबसाइट मात्र रात्रभर विकत राहते. सकाळी संगणक चालू झाल्यावर आधी रात्रीच्या ऑर्डरी टॅलीत आल्या पाहिजेत, मगच गल्ल्यावर पहिलं बिल व्हावं.

ऑर्डर पडताच वेबसाइट कनेक्टरला निरोप धाडते, त्याला वेबहुक म्हणतात. वूकॉमर्सचा हा निरोप लागोपाठ पाचपेक्षा जास्त वेळा पोचला नाही, तर ती वेबहुक आपोआप बंद करून टाकते. समजा दुपारी इंटरनेट गेलं, तेवढ्यात सहा-सात ऑर्डरी पडल्या आणि तासाभराने लाइन परत आली. सगळं सुरळीत दिसतं, पण नव्या ऑर्डरींचे निरोप येणं थांबलेलं असतं. म्हणून नुसत्या निरोपावर विसंबू नये. कनेक्टरने दर फेरीत ‘मागच्या वेळेनंतरच्या सगळ्या ऑर्डरी दे’ असं स्वतःहून विचारायला हवं.

कधी उलटंही होतं आणि एकाच ऑर्डरीचा निरोप दोनदा येतो. कनेक्टरने दोन सेल्स ऑर्डर केल्या तर मोकळा साठा उगाच एकाने घटतो. याची तक्रार कुणी करत नाही, कारण गिऱ्हाइकाला ‘साठा संपला’ एवढंच दिसतं आणि तो निघून जातो. जोड फळीवर धूळ खात राहतो. प्रत्येक सेल्स ऑर्डरमध्ये वेबसाइटचा ऑर्डर क्रमांक संदर्भ म्हणून टाकायचा, आणि तो क्रमांक आधीच असेल तर नवी नोंद करायची नाही, एवढा नियम पाळला की हे टळतं.

परत आलेल्या मालाचा प्रश्न कॅश ऑन डिलिव्हरीत सारखा येतो. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारलं की ऑर्डर वेबसाइटवर रद्द केली जाते आणि वूकॉमर्स लगेच साठा एकाने वाढवते. तो जोड मात्र अजून कुरिअरच्या गाडीत असतो आणि दुकानात यायला आठवडा लागू शकतो. आल्यावर त्याचा तळ घासलेलाही असू शकतो. पार्सल उघडून जोड तपासल्यावरच टॅलीत क्रेडिट नोट करावी आणि तो आधी ‘परत आलेला माल’ अशा वेगळ्या गोडाऊनमध्ये घ्यावा. वेबसाइटचा आकडा काढताना ते गोडाऊन मोजू नये. चांगला निघाला तर तिथून मुख्य साठ्यात वर्ग करावा.

रोज रात्री दुकान बंद करण्याआधी दहा मिनिटांचं एक काम करावं. टॅलीतला शिल्लक साठा, त्यातून वजा कबूल माल, त्यातून वजा बफर हा आकडा एका रकान्यात, वेबसाइटवरचा आकडा शेजारच्या रकान्यात आणि तिसऱ्यात फरक. फरक शून्य नसलेल्या ओळी तेवढ्या तपासायच्या. वेबसाइटवर कमी दिसत असेल तर ऑर्डर टॅलीत पोचलेली नसू शकते, जास्त दिसत असेल तर रद्द ऑर्डरीने साठा वाढवलेला असू शकतो. दोन्हीकडचे आकडे जुळत असूनही फळीवर वेगळं असेल तर दोष सिंकचा नाही, गल्ल्यावर चुकीचं माप बिलात गेलं आहे. त्यासाठी रोज दहा-पंधरा मापं हाताने मोजावीत, म्हणजे दोन-अडीच आठवड्यांत सगळा माल मोजून होतो.

ज्याला कनेक्टर विकत घ्यायचा आहे त्याने विक्रेत्याला किती सेकंदांत सिंक होतो हे नंतर विचारावं. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ऑनलाइन ऑर्डर टॅलीत कधी आणि कुठल्या व्हाउचरने येते? वेबसाइटवर जाणाऱ्या आकड्यातून कबूल केलेला माल वजा होतो का? आणि जोडणी तुटल्यावर मधल्या ऑर्डरी कशा भरून निघतात? तोंडी उत्तरावर न थांबता चाचणी करून घ्यावी. एका मापाचे पाच जोड धरून इंटरनेटची केबल काढावी, मोबाइलवरून दोन ऑर्डरी टाकाव्यात, गल्ल्यावर एक बिल करावं आणि केबल परत लावावी. दोन फेऱ्यांनंतर टॅलीत शिल्लक चार, कबूल दोन, आणि एकचा बफर धरून वेबसाइटवर एक दिसला पाहिजे. दुसरा कुठलाही आकडा आला तर पैसे देऊ नयेत.